इन्स्टॉलर खरा, तरी अँटीव्हायरस म्हणतो धोका: काय करावे, काय टाळावे

मी छोट्या छापखान्यांचे आणि हिशेबनिसांचे संगणक सांभाळतो. दिवाळी अंकांच्या धांदलीत सांगलीच्या एका छापखान्यातून सकाळीच फोन आला. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा एक छोटा कन्व्हर्टर ते चार वर्षं वापरत होते. त्याची नवी आवृत्ती त्यांनी डाउनलोड केली आणि ती फोल्डरमध्ये दिसते न दिसते तोच गायब झाली. डिफेंडरने ती उचलून कोठडीत टाकली होती आणि नाव दिलं होतं `Trojan:Win32/Wacatac.B!ml`.

मालक म्हणाले, "अहो, हा कन्व्हर्टर आपल्या ओळखीचा आहे. पाच मिनिटं अँटीव्हायरस बंद करून टाकून घेऊ का?"

"नका करू, दादा. मी येतो. तोवर काही दाबू नका."

असा प्रसंग आला की माणूस एकच प्रश्न विचारतो: यात व्हायरस आहे की नाही? खरं तर हे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगवेगळे सोडवावे लागतात. पहिला, माझ्याकडे आलेली फाइल निर्मात्याने प्रसिद्ध केलेलीच आहे का? दुसरा, ती तीच असली तरी निरुपद्रवी आहे का? पहिल्याचं उत्तर हॅश आणि डिजिटल सही देतात, आणि चांगलं ठाम देतात. दुसऱ्याचं उत्तर अनेक स्कॅनर मिळून देतात, पण ते अंदाजाचं असतं. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की चूक होते. पुढची यादी त्याच क्रमाने आहे.

टाळा: "पाच मिनिटांसाठी" अँटीव्हायरस बंद करणे

इन्स्टॉलर ही साधी फाइल नाही. तो चालू करताना विंडोज परवानगी विचारते, आपण "Yes" दाबतो आणि त्या क्षणी त्याला अख्ख्या संगणकाचे अधिकार मिळतात. हल्लीचे माहिती चोरणारे प्रोग्राम पाच मिनिटंही घेत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इनच्या कुकीज गोळा करायच्या, बाहेर पाठवायच्या आणि स्वतःला पुसून टाकायचं, एवढंच त्यांचं काम. नंतर अँटीव्हायरस पुन्हा सुरू केला तर त्याला काहीच सापडत नाही, आणि आपण म्हणतो, बघा, फाइल चांगलीच होती.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. झिपबरोबर आलेल्या मजकुरात किंवा डाउनलोडच्या पानावर "इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा" असं लिहिलेलं असेल, तर तपासणीचं पुढचं काम जवळपास संपलं. काही प्रामाणिक निर्मातेही वैतागून असं लिहितात हे मी पाहिलं आहे. पण प्रामाणिक निर्माता सोबत हॅश देतो, कोणत्या अँटीव्हायरसची तक्रार येते ते सांगतो आणि ती चुकीची असल्याचं कुठे कळवलं आहे तेही लिहितो. नुसतं "बंद करा" म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नका.

करा: आधी इशाऱ्याचं नाव अक्षर न् अक्षर लिहून घ्या

विंडोज सिक्युरिटीतल्या `Protection history` मध्ये ते मिळतं. मायक्रोसॉफ्टच्या नावाची घडण ठरलेली आहे: आधी प्रकार, मग प्लॅटफॉर्म, मग कुळ, शेवटी उपप्रकार आणि शेपूट. आमच्या नावात प्रकार ट्रोजन, प्लॅटफॉर्म विंडोज, कुळ `Wacatac` आणि शेपूट `!ml`. ही शेपूट सांगते की फाइलमध्ये ओळखीचा विषाणू सापडला म्हणून नव्हे, तर मशीन लर्निंगच्या नमुन्याला ती संशयास्पद वाटली म्हणून पकडली आहे.

नावात `Heur`, `Gen`, `Suspicious`, `Generic` असं काही असेल तर तोही अंदाजच. `PUA` म्हणजे नको असलेला प्रोग्राम. बहुतेक वेळा इन्स्टॉलरसोबत जाहिराती किंवा दुसरा कुठला तरी टूलबार चिकटवलेला असतो. `HackTool` म्हणजे साधन स्वतः चोर नाही, पण चोरही ते वापरतो. विसरलेले पासवर्ड परत दाखवणारी निरसॉफ्टची छोटी साधनं वर्षानुवर्षं अशा इशाऱ्यांत अडकतात, कारण जे ती मालकासाठी करतात तेच चोर स्वतःसाठी करतो. याउलट नावात `RedLine`, `Lumma`, `AgentTesla` असं ठरावीक कुळ आलं, तर स्कॅनरला त्या कुळाची खूण प्रत्यक्ष दिसली आहे असं धरून चाला.

इथे एक इशारा. ढोबळ नाव म्हणजे खोटा इशारा, असं समीकरण मांडू नका. खरा ताजा ट्रोजनही पहिल्या दिवशी `Wacatac` याच नावाने पकडला जातो, कारण त्याचं वेगळं बारसं अजून झालेलं नसतं. नावावरून एवढंच कळतं की पुढे किती खोल शोधायचं.

आणि निळ्या चौकटीत "Windows protected your PC" आलं असेल तर ती बाब निराळी. तो स्मार्टस्क्रीन आहे. फाइल फारशा लोकांनी उतरवलेली नाही, तिचा लौकिक अजून तयार नाही, एवढंच तो सांगतो. नव्या, छोट्या निर्मात्याच्या प्रत्येक आवृत्तीला हे सोसावं लागतं.

करा: कोठडीतली फाइल बाहेर न काढता हॅश मिळवा

अडचण अशी की हॅश काढायला फाइल हवी, आणि फाइल तर अँटीव्हायरसने उचलून नेली. ती परत आणण्यासाठी लोक `Restore` दाबतात आणि मग चुकून त्यावर दोनदा क्लिक होतं. दोन सुरक्षित वाटा आहेत.

पहिली, virustotal.com वर `URL` चा पर्याय घेऊन डाउनलोडचा थेट दुवा तिथे चिकटवा. पानाचा नव्हे, फाइलचा. त्यांचा सर्व्हर फाइल स्वतः उतरवतो आणि तपशिलात `Body SHA-256` असा तिचा हॅश दाखवतो. दुसरी, तोच दुवा अँड्रॉइड फोनवर किंवा लिनक्सच्या संगणकावर उघडून फाइल तिथे उतरवा. विंडोजची `.exe` तिथे दोनदा टिचकी मारली म्हणून चालू होत नाही. लिनक्सवर `sha256sum` आणि फाइलचं नाव एवढंच टाइप करायचं. आम्ही छापखान्यात फोनची वाट धरली.

विंडोजवर फाइल हाताशी असेल तर ज्या फोल्डरमध्ये ती आहे, त्याच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत `powershell` लिहून एंटर दाबा. खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. मग:

```
(Get-FileHash .\setup.exe).Hash -eq "निर्मात्याने दिलेला हॅश"
```

उत्तर `True` किंवा `False` येतं. अक्षरं मोठी-लहान असली तरी चालतं.

टाळा: हॅशची फक्त पहिली आणि शेवटची चार अक्षरं पाहणे

SHA-256 चा हॅश 64 अक्षरांचा असतो. डोळ्यांनी जुळवायला बसलं की माणूस सुरुवात आणि शेवट बघतो आणि उठतो. तेवढीच अक्षरं जुळतील अशी दुसरी फाइल बनवणं आजच्या संगणकांना जड नाही. म्हणून तुलना संगणकाकडून करून घ्या. वरच्या ओळीत तेच केलं आहे. निर्मात्याने फक्त MD5 दिला असेल तर त्याचा उपयोग डाउनलोड अर्धवट तर झालं नाही ना, एवढं पाहण्यापुरता. एकसारखा MD5 असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे 2004 पासून जगाला माहीत आहे, आणि SHA-1 चं तेच 2017 मध्ये करून दाखवलं गेलं.

हॅश जुळला नाही तर लगेच घाबरू नका, पण फाइल चालवूही नका. आधी आकार पाहा. डाउनलोड मध्येच तुटलं असू शकतं. मग आवृत्ती पाहा. निर्मात्याने पानावर कालचा हॅश ठेवून आज नवी फाइल चढवलेली असते, हे छोट्या निर्मात्यांकडून नेहमी होतं. काही मोठ्या कंपन्या प्रत्येक डाउनलोडमध्ये एक छोटी खूण घालतात, त्यामुळे सही अस्सल असूनही प्रत्येकाचा हॅश वेगळा येतो. यातलं काहीच लागू होत नसेल, तर फाइल बदललेली आहे.

टाळा: फाइल आणि हॅश दोन्ही एकाच ठिकाणाहून घेऊन निश्चिंत होणे

जो चोर फाइल बदलू शकतो, त्याला त्याच सर्व्हरवरचा हॅशही बदलता येतो. हॅशची खरी ताकद तो दुसऱ्या वाटेने आला तर. व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या हँडब्रेकची गोष्ट यासाठी मी नेहमी सांगतो. 2 ते 6 मे 2017 या काळात त्यांच्या दोन डाउनलोड सर्व्हरपैकी एकावर चोरांनी मॅकसाठीची फाइल बदलली आणि तिच्यात प्रोटॉन नावाचा ट्रोजन घातला. ज्यांची विनंती त्या सर्व्हरकडे गेली त्यांना बाधित फाइल मिळाली, बाकीच्यांना चांगली. ती उघडली की जादा कोडेक बसवण्याच्या निमित्ताने पासवर्ड मागायची. पॅनिक या मॅक सॉफ्टवेअर कंपनीच्या एका संस्थापकाने ती उघडली आणि कंपनीचा सोर्स कोड चोरीला गेला. प्रकल्पाचे प्रसिद्ध हॅश मात्र त्या सर्व्हरपासून वेगळे होते आणि शाबूत होते. ज्याने फाइलचा हॅश त्यांच्याशी ताडून पाहिला असता, त्याला ती उघडण्याआधीच कळलं असतं.

म्हणून हॅश निर्मात्याच्या गिटहबवरून, आवृत्तीच्या घोषणेच्या मेलमधून किंवा थेट त्याला विचारून घ्या. आमचा कन्व्हर्टर एकट्या माणसाने बनवलेला. त्याच्या संकेतस्थळावर हॅश होता, तरीही मी त्याला मेल करून विचारला. तासाभरात उत्तर आलं. तिन्ही, म्हणजे संकेतस्थळावरचा, मेलमधला आणि फोनवर उतरवलेल्या फाइलचा हॅश, एकच निघाले. पहिला प्रश्न सुटला: फाइल तीच होती.

करा: सही आहे का, हे पाहा; आणि कोणाची आहे, हेही पाहा

फाइलवर उजवं क्लिक, `Properties`, मग `Digital Signatures`. किंवा:

```
Get-AuthenticodeSignature .\setup.exe | Format-List Status, SignerCertificate
```

`Valid` आलं तर पुढची ओळ वाचा, कारण नाव महत्त्वाचं आहे. मार्च 2016 मध्ये मॅकवरच्या ट्रान्समिशन 2.90 च्या इन्स्टॉलरमध्ये कीरेंजर हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर घुसवलं गेलं, तेव्हा त्या फाइलवरची सही वैध होती. फक्त ती ट्रान्समिशनच्या लोकांची नव्हती, तुर्कस्तानातल्या एका भलत्याच कंपनीच्या नावाची होती. आधीच्या आवृत्तीवर कोणाची सही होती ते तुमच्याकडच्या जुन्या इन्स्टॉलरवर पाहून घ्या. म्हणूनच मी जुने इन्स्टॉलर पुसत नाही.

`NotSigned` म्हणजे सही नाही, इतकंच. सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं, दरवर्षी पैसे मोजावे लागतात. फुकट साधन वाटणारा एकटा माणूस ते घेतोच असं नाही. आमच्या कन्व्हर्टरवर सही नव्हती. पण `HashMismatch` आलं तर तिथेच थांबा. त्याचा अर्थ, सही झाल्यानंतर कुणीतरी फाइलमध्ये हात घातला आहे.

करा: व्हायरसटोटलवर फाइल चढवण्याआधी हॅश शोधा

शोधाच्या चौकटीत हॅश चिकटवला की फाइल न पाठवता जुना अहवाल मिळतो. चढवलेली फाइल तिथे खासगी राहत नाही, सुरक्षा कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना ती मिळू शकते. सार्वजनिक इन्स्टॉलरला त्याने काही फरक पडत नाही. पण तुमच्याच दुकानासाठी बनवून घेतलेला, आत परवान्याची चावी किंवा ग्राहकांची माहिती असलेला इन्स्टॉलर असेल तर तो चढवू नका.

या शोधात आणखी एक गोष्ट कळते आणि ती फार कमी लोक बघतात. लाखो लोक वापरतात अशा प्रोग्रामचा, दोन महिने जुन्या आवृत्तीचा हॅश तिथे कोणालाच माहीत नसेल, तर तुमच्याकडची प्रत जगावेगळी आहे. खरा इन्स्टॉलर तोवर कुणीतरी नक्कीच तपासायला टाकलेला असतो. `First Submission` ही तारीख निर्मात्याच्या घोषणेच्या तारखेशी जुळते का, हेही पाहा.

टाळा: नुसता आकडा वाचणे

आमच्या कन्व्हर्टरचा आकडा आला 71 पैकी 6. "सहा जण म्हणतायत, म्हणजे आहेच काहीतरी," असं छापखान्यातला मुलगा म्हणाला. आम्ही सहाही नावं कागदावर उतरवली.

दोन ठिकाणी नाव अगदी शब्दशः एकच होतं, एक बिटडिफेंडरचं आणि एक ईस्कॅनचं. मुंबईच्या मायक्रोवर्ल्ड कंपनीचं ईस्कॅन बिटडिफेंडरचं इंजिन वापरतं. जी डेटा आणि एमसीसॉफ्टही वापरतात. तेव्हा ती दोन मतं नव्हती, एकच मत दोनदा मोजलं गेलं होतं. एक मायक्रोसॉफ्टचं, तेच `!ml` वालं. उरलेल्या तिघांत `Heur`, `Suspicious` आणि `AI` असे शब्द. ढोबळ `Wacatac` सोडलं तर एकानेही ठरावीक कुळाचं नाव घेतलेलं नव्हतं आणि कोणत्याही दोन स्वतंत्र इंजिनांचं कशावरच एकमत नव्हतं. काहीच न म्हणणाऱ्यांत पुण्याचं क्विक हीलही होतं, पण त्याचा अर्थ "स्वच्छ" असा लावू नका. `Undetected` म्हणजे सापडलं नाही, एवढंच. शिवाय व्हायरसटोटलवर चालणारी इंजिनं तुमच्या संगणकावरच्या आवृत्तीसारखीच बेतलेली असतात असं नाही, म्हणून घरी लाल आणि तिथे हिरवं, असंही घडतं.

खऱ्या धोक्याची यादी वेगळी दिसते. नात्यात नसलेली तीन-चार इंजिनं एकाच कुळाचं नाव घेतात आणि दुसऱ्या दिवशी `Reanalyze` केलं की आकडा वाढतो. खोट्या इशाऱ्यात तो दिवसागणिक उतरतो. हा बदल मला एका वेळच्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, म्हणून घाई नसेल तर दोन-तीन दिवस थांबा. दुसऱ्या संकेतस्थळावरचे बहुस्कॅनर, जॉटी किंवा मेटाडिफेंडर, वापरायला हरकत नाही, पण तिथे बरीचशी इंजिनं तीच असतात. दोन संकेतस्थळांचे आकडे बेरीज करून वाचू नका.

टाळा: "एकानेच पकडलंय, म्हणजे खोटं" असं म्हणणे

सप्टेंबर 2017 मध्ये सीक्लीनरच्या 5.33 आवृत्तीचा इन्स्टॉलर सिस्कोच्या टॅलोस पथकाच्या चाचणीत संशयास्पद ठरला. इन्स्टॉलर अधिकृत संकेतस्थळावरचा. सही निर्मात्याचीच आणि वैध. हॅश काढून ताडला असता तर तोही जुळला असता. टॅलोसने लेख लिहिला तेव्हा व्हायरसटोटलवरचा आकडा होता 64 पैकी 1. आणि तो एकटाच बरोबर होता. चोर निर्मात्याच्या बांधणीच्या यंत्रणेतच शिरले होते, त्यामुळे विष सहीच्या आधीच मिसळलं गेलं. 15 ऑगस्ट ते 12 सप्टेंबर या काळात ती आवृत्ती सुमारे 22.7 लाख संगणकांवर पोचली.

माझ्या मते या धंद्यात शिकण्यासारखी सगळ्यात मोठी घटना हीच. हॅश आणि सही फाइलची ओळख पटवतात, तिच्या चारित्र्याची हमी देत नाहीत. ओळख पक्की झाल्यावरही दुसरा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावाच लागतो, तो यामुळे.

करा: फाइल वागते कशी, ते पाहा

व्हायरसटोटलच्या `Behavior` पानावर फाइल एका बंदिस्त संगणकात चालवून केलेल्या नोंदी असतात. सगळं समजलं नाही तरी दोन गोष्टी कुणालाही वाचता येतात: ती कुठे बोलते आणि कुठे लिहिते. इंटरनेटशी काही संबंध नसलेलं साधन अनोळखी पत्त्याशी बोलत असेल, ब्राउझरच्या `Login Data` फाइलला हात लावत असेल, किंवा अँटीव्हायरसच्या अपवादांच्या यादीत स्वतःचं नाव घालत असेल, तर विषय संपला.

आमच्या कन्व्हर्टरच्या नोंदीत बाहेरच्या कुठल्याही पत्त्याशी बोलणं नव्हतं. लिहिलेल्या फाइलींत `AppData\Local\Temp` खाली `_MEI` ने सुरू होणारा एक फोल्डर आणि त्यात `python` नावाची डीएलएल. तिथे कोडं सुटलं. हा पायइन्स्टॉलरचा ठसा आहे. पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम एकाच `.exe` मध्ये बांधायचं ते साधन. चालू झालं की सगळं सामान `_MEI` फोल्डरमध्ये सोडवतं आणि तिथून चालवतं. हेच फुकट साधन ट्रोजन लिहिणारेही वापरतात. आवरण एकच असल्यामुळे आतलं न ओळखणारा नमुना आवरणालाच पकडतो. निर्मात्याने मेलमध्ये सांगितलं की आधीच्या आवृत्त्या त्याने दुसऱ्या पद्धतीने बांधल्या होत्या आणि यावेळी पहिल्यांदा पायइन्स्टॉलर वापरला. चार वर्षं गप्प असलेला अँटीव्हायरस आत्ताच का ओरडला, याचं कारण तेच. इशारा का आला हे असं नेमकं सांगता आलं, तरच मी त्याला खोटा म्हणतो. नुसतं "बहुतेक खोटाच असेल" यावर मी फाइल चालवू देत नाही.

टाळा: शून्य आकड्यावर आणि उघडता न आलेल्या फाइलीवर विश्वास ठेवणे

त्याच दुपारी छापखान्यातल्या मुलाने दुसरी एक प्रत दाखवली. शोधात वर आलेल्या जाहिरातीतून त्याने ती घेतली होती, नाव तेच. झिप सहा एमबीची, पासवर्ड लावलेला, पासवर्ड पानावरच लिहिलेला. व्हायरसटोटलवर झिपला शून्य. पासवर्ड असल्यामुळे स्कॅनरांना आत डोकावताच आलं नव्हतं. आतल्या फाइलचा आकार यादीत पाहिला तर 700 एमबीच्या वर. खरा इन्स्टॉलर 11 एमबीचा.

सहाशे-सातशे एमबीची फाइल सहा एमबीत मावते ती एकाच कारणाने: आत बहुतेक शून्यं भरलेली असतात. व्हायरसटोटल 650 एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही आणि बरेच स्कॅनर अवाढव्य फाइल पूर्ण वाचत नाहीत, म्हणून चोर असं सारण भरतात. ती झिप आम्ही न उघडता पुसली. एकाच दिवशी, एकाच नावाच्या दोन फाइली: सहा आकड्याची चांगली आणि शून्य आकड्याची घातक.

करा: परवानगी एका फाइलला द्या, आणि चूक कळवा

खात्री झाल्यावर अपवाद घालताना संपूर्ण `Downloads` फोल्डर निवडू नका; नंतर तिथे येणारं सगळंच तपासणीशिवाय सुटेल. एकच फाइल निवडा, इन्स्टॉल झालं की अपवाद काढून टाका. इन्स्टॉल झालेला प्रोग्रामही पकडला जात असेल तर फक्त त्याच्या `.exe` चा मार्ग द्या.

चूक कळवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचं microsoft.com/wdsi/filesubmission हे पान आहे. बाकीच्या कंपन्यांचीही अशी पानं आहेत. फाइल, इशाऱ्याचं नेमकं नाव आणि निर्मात्याचं संकेतस्थळ द्या. निर्मात्यालाही कळवा, कारण त्याच्या तक्रारीला वजन असतं. आमच्या कन्व्हर्टरच्या निर्मात्याने त्याच दिवशी कळवलं. तिसऱ्या दिवशी `Reanalyze` केलं तेव्हा सहाचा आकडा एकावर आला होता आणि मायक्रोसॉफ्टचं नाव यादीतून गेलं होतं. तोवर छापखान्याने जुन्या आवृत्तीवर काम भागवलं.

कंपनीने चूक सुधारल्यावरही आपला संगणक कधी कधी जुन्या निकालालाच धरून बसतो. तेव्हा कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडा आणि हे चालवा:

```
cd "C:\Program Files\Windows Defender"
MpCmdRun.exe -removedefinitions -dynamicsignatures
MpCmdRun.exe -SignatureUpdate
```

करा: फाइल आधीच चालवून झाली असेल तर

इशारा उशिरा आला आणि तपासणीत फाइल खोटी निघाली, तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. त्या संगणकावरून काहीही बदलू नका. दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा पासवर्ड बदला आणि प्रत्येक ठिकाणी "सर्व उपकरणांवरून बाहेर पडा" हा पर्याय दाबा. चोरलेली कुकी पासवर्ड बदलल्यावरही चालू शकते. बाहेर पडल्यावर ती निकामी होते. मग मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर दुसरीकडून ताजा उतरवून पेनड्राइव्हने आणा आणि पूर्ण तपासणी लावा. त्याची प्रत दहा दिवसांत कालबाह्य होते, म्हणून कपाटातली जुनी वापरू नका. व्यवहाराचा संगणक असेल तर कामाच्या फाइली बाजूला काढून विंडोज नव्याने टाकणंच मी सुचवतो. त्याला अर्धा दिवस जातो.